सत्तावीस, बहात्तर आणि नोकरीचा अर्ज

दुसरीच्या वर्गात बाई 'सत्तावीस' म्हणतात आणि दोन-चार वह्यांत ७२ उमटते. मुलांनी नीट ऐकलेले असते. 'सत्तावीस'मध्ये आधी सात ऐकू येतात, मग वीस. मूल ऐकले त्याच क्रमाने लिहिते. मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ही अडचण किती खरी आहे, याची चर्चा २०१९ साली महाराष्ट्रभर झाली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि घराघरांतून, अगदी विधानसभेतूनही त्यावर वाद झडला. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्ष असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांनी हाच बोलण्या-लिहिण्यातला उलटा क्रम आणि संख्यानामांतली जोडाक्षरे हे कारण शांतपणे समजावून सांगितले होते.

वर्गातले ते ७२ पाहून थबकलेली, त्याचे कारण ओळखलेली आणि त्यावर काही करून बघितलेली शिक्षिका जेव्हा दुसऱ्या शाळेत जागेसाठी अर्ज करते, तेव्हा यातले काहीच तिच्या अर्जात नसते. तिथे असते ते असे: 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, आपल्या नामांकित शाळेत प्राथमिक शिक्षिकेचे पद रिक्त असल्याचे समजले. मी बालकेंद्री व ज्ञानरचनावादी पद्धतीने अध्यापन करते. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' ही भाषा आपण शाळेतच, पत्रलेखनाच्या तासाला शिकलो. रजेच्या अर्जाला ती पुरते. पण ज्या शाळेने आपली शिकवण्याची दिशा चार वाक्यांत लिहून जाहीर केली आहे, तिला या अर्जातून उमेदवाराविषयी काहीच कळत नाही.

असे पत्र सगळीकडे लागत नाही, हे आधीच सांगायला हवे. जिल्हा परिषदेच्या शाळांतली भरती 'पवित्र' संकेतस्थळावरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. तिथे पत्राला जागाच नाही. पत्र लागते ते खाजगी विनाअनुदानित शाळांत, केंद्रीय मंडळाच्या शाळांत आणि पुण्याचे अक्षरनंदन, नाशिकचे आनंद निकेतन, फलटणचे कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचे सृजनआनंद यांसारख्या प्रयोगशील शाळांच्या वाटेने जाणाऱ्या ठिकाणी. आपल्या रीतीशी जुळणारा माणूस मिळावा, ही अशा शाळांची मोठी गरज असते. डी.एल.एड. आणि टीईटी तर बहुतेक अर्जदारांकडे असतेच. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्यापासून तर या जागांसाठी येणाऱ्या अर्जांतली पात्रतेची ओळ जवळजवळ सारखीच झाली आहे. मग फरक दिसणार कुठे? एका परिच्छेदात. वर्गातली एकच पद्धत, ती आपण कशी वापरली आणि या शाळेच्या म्हणण्याशी तिचा सांधा नेमका कुठे जुळतो, एवढे सांगणारा परिच्छेद.

तो कसा लिहायचा, हे एका नमुन्यावरून पाहू. शिक्षिका आणि शाळा दोन्ही कल्पित आहेत, पण पद्धत खरी आहे आणि अडचणीही खऱ्या.

समजा, दुसरीला पाच वर्षे शिकवलेल्या एका शिक्षिकेला एका मराठी माध्यमाच्या शाळेत अर्ज करायचा आहे. शाळेच्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे: 'मूल स्वतःच्या रीतीने उत्तर शोधते. शिक्षकाने ती रीत ऐकावी आणि वर्गापुढे आणावी.' पुढे आनंददायी शिक्षण, सर्वांगीण विकास, मूल्यसंस्कार हेही आहे. पण ते शब्द शंभर शाळांच्या माहितीपत्रकांत सापडतील. हे एक वाक्य मात्र या शाळेचे आहे. त्यात शिक्षकाला दोन कामे नेमून दिली आहेत, ऐकणे आणि पुढे आणणे. अर्जाची तयारी इथून सुरू होते. शाळेच्या निवेदनातली विशेषणे बाजूला ठेवायची, शिक्षकाने काय करावे हे सांगणारी क्रियापदे शोधायची आणि ती क्रिया आपण वर्गात खरोखर कधी केली, ते आठवायचे.

या शिक्षिकेला आठवते ती गणितमाळ.

शंभर मण्यांची ही माळ. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी रंगांची पाळी. नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या विचारातून घडलेल्या गणितशिक्षणात अशी माळ वापरली गेली आणि आपल्याकडे दिल्लीच्या 'जोडो ज्ञान' संस्थेने ती 'गणितमाळ' या नावाने शाळांमध्ये पोहोचवली. बाजारातले मोठे लाकडी किंवा प्लास्टिकचे मणी आणि जाड दोरी आणून ती घरीही ओवता येते. दोरी मात्र माळेपेक्षा वीतभर लांब हवी, नाहीतर मणी सरकत नाहीत आणि मोजलेले मणी वेगळे करून दाखवता येत नाहीत.

माळ फळ्याखाली आडवी बांधतात. बाई म्हणतात, 'सत्तावीसवर चिमटा लाव.' चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. तो मण्यावर लावायचा नसतो. सत्ताविसाव्या मण्यानंतर, दोन मण्यांच्या मधल्या दोरीवर लावायचा, म्हणजे त्याच्या डावीकडे बरोबर सत्तावीस मणी राहतात. एवढ्या बारीक गोष्टीने पुढचे पुष्कळ ठरते. चिमटा मण्यावर लावला, तर बेरजेत तो मणी एकदा मोजला जातो, एकदा सुटतो आणि उत्तर एकाने चुकत राहते. वर्गात सारखी एकाचीच चूक दिसू लागली, तर आधी चिमटा पाहावा.

सुरुवातीला मूल पहिल्या मण्यापासून एकेक मोजत येते. काही दिवसांनी एखादे मूल लाल दहा, पांढरे दहा अशी दोन ढांग टाकते आणि मग सात मोजते. दुसरे मूल तीसपर्यंत जाऊन तीन मागे येते. बाईंनी इथे विचारायचे असते, 'तू कसं शोधलंस?' आणि मुलाचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबायचे. मग दोन्ही रीती फळ्यावर मांडायच्या, आणि कुठली बरोबर हे न सांगता, कुठली सोपी वाटते ते वर्गाला विचारायचे. माळ फक्त निमित्त. पाठ घडतो तो या प्रश्नानंतर.

मराठीला या माळेचा एक खास फायदा होतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे मुलांना फार छळतात, कारण 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे असते २९. पण 'एकोण' म्हणजे एक उणा. माळेवर एकोणतीस म्हणजे तिसाच्या एक मणी अलीकडे. नावातच पत्ता सांगितलेला आहे, हे मुलाला चिमटा लावताना समजते. चिमटा तीसवर लावून एक मणी मागे घेतला की मूल स्वतःच म्हणते, 'एक कमी तीस!' सत्तावीसचेही तसेच. नाव ऐकून लिहिले तर ७२ होते. पण माळेवर वीसच्या पुढचे सात मणी दिसल्यावर, आधी दोन दशक आणि मग सात, हे डोळ्यांना पटते आणि हात त्या क्रमाने लिहू लागतो.

पद्धतीला मर्यादाही आहेत आणि शिक्षिकेला त्या ठाऊक हव्यात, कारण मुलाखतीत त्यांच्याविषयी विचारले जाणारच. शंभरच्या पुढे माळ अपुरी पडते. काही मुले माळेच्या इतकी आहारी जातात की महिन्याभरानंतरही प्रत्येक वेळी एकपासूनच मोजतात. रंग बदलला तरी त्यांची मोजणी थांबत नाही, ही खूण. त्यांना दहाच्या गटांचा उपयोगच कळलेला नसतो, आणि अशा वेळी माळ चालू ठेवण्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात देऊन मागे यावे लागते. बाकीच्यांना पुढे न्यायचे, तर माळेच्या जागी फळ्यावर नुसती रेघ येते, तिच्यावर मुले ४३ मधून १८ वजा करताना आधी दहाची उडी मागे घेऊन ३३ वर येतात, मग तीनची घेऊन ३०, मग पाचची घेऊन २५. हळूहळू रेघही लागत नाही.

आता पत्र. पहिला खर्डा शिक्षिका असा लिहिते: 'आपल्या शाळेच्या बालकेंद्री दृष्टिकोनाने मी प्रभावित झाले आहे. मी गणितमाळ, शब्दपट्ट्या, कृतिपत्रिका, गटकार्य, नाट्यीकरण अशा विविध पद्धती वापरते. माझ्या वर्गाची शंभर टक्के मुले प्रगत आहेत.' तीन वाक्यांत तीन चुका झाल्या आहेत. शाळेचेच शब्द शाळेला परत दिले, पण त्यातून शाळेचे म्हणणे कळले की नाही ते दिसत नाही. पाच पद्धतींची नावे घेतली, पण एकही वर्गात होताना दिसत नाही. आणि शंभर टक्क्यांवर शिकवण्याचा अनुभव असलेली मुख्याध्यापिका विश्वास ठेवणार नाही, कारण तिने वर्ग पाहिलेले आहेत.

दुसरा खर्डा असा होतो:

'आदरणीय मुख्याध्यापिका, सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेत दुसरीसाठी शिक्षिकेची जागा आहे, तिच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शिक्षकाने मुलाची रीत ऐकावी आणि वर्गापुढे आणावी, असे आपल्या माहितीपत्रकात लिहिले आहे. ते मी गणितमाळेवर काम करताना शिकले. गेल्या वर्षी जुलैत माझ्या वर्गातल्या २८ पैकी ११ मुलांनी श्रुतलेखनात सत्तावीसचे ७२, त्रेचाळीसचे ३४ असे आकडे उलटे लिहिले. सुरुवातीला मी माळेवर स्वतःच मोजून दाखवत होते. मुले माझ्याबरोबर म्हणत आणि वहीत पुन्हा ७२ लिहीत. मग मी चिमटा मुलांच्या हाती दिला आणि प्रत्येक वेळी "कसं शोधलंस?" एवढेच विचारू लागले. एका मुलाने एकोणतीस शोधताना तीसवर जाऊन एक मणी मागे घेतला. त्याची रीत मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली. दुसऱ्या दिवशी पाच-सहा मुलांनी एकोणचाळीस तसाच शोधला.

सहा आठवड्यांनी तेच श्रुतलेखन घेतले, तेव्हा चार मुले चुकली, तीही साठच्या पुढच्या संख्यांत. त्यांच्यासाठी काड्यांचे गठ्ठे घेऊन मी पुन्हा सुरुवात केली. माळेचे काम मला जमते, पण मुलाने चुकीची रीत सांगितली तर ती वर्गापुढे किती वेळ राहू द्यावी, हे मला अजून शिकायचे आहे. आपल्याकडे शिक्षक एकमेकांचे तास पाहतात असे कळले. मला ते हवे आहे.

मी डी.एल.एड. आणि टीईटीचा पहिला पेपर उत्तीर्ण आहे. दुसरीला पाच वर्षे शिकवले आहे. प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत आहेत. आपण सांगाल त्या दिवशी पाठ घेऊन दाखवीन.

आपली विश्वासू'

पत्र एका पानात मावते. वाचायला दोन मिनिटे पुरतात. त्यातले सर्वांत वजनदार वाक्य कुठले? 'सुरुवातीला मी माळेवर स्वतःच मोजून दाखवत होते.' अर्जात आपली चूक कशाला सांगायची, असे पुष्कळांना वाटेल, आणि आपल्याकडे मोठ्यांचा सल्लाही तसाच असतो. पण या वाक्यामुळेच शाळेच्या वाक्याशी सांधा जुळतो. शिक्षिका आधी सांगत होती, मग ऐकू लागली, आणि ऐकू लागल्यावर वर्गात काय बदलले ते आकड्यांत दिसले. मणी, चिमटा, रंग कोणीही आणील. शाळा ज्या क्रियेविषयी बोलते आहे ती क्रिया या बाईंच्या हातून घडली, हे त्या वाक्यावरून समजते.

आकड्यांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. अकराचे चार झाले, शून्य नाही. उरलेले चार कुठे अडले तेही सांगितले. सुधारणा फक्त माळेमुळे झाली असा दावा नाही. सहा आठवड्यांत मुले इतरही पुष्कळ शिकतात. मुलाचे नाव कुठेच नाही, आणि नसावेच. मूल सात वर्षांचे असते, त्याची चूक बाहेरच्या शाळेच्या टेबलावर नावानिशी जाऊ नये. 'एका मुलाने' एवढे पुरते. आधीच्या शाळेविषयी तक्रारही नाही. 'तिथे मोकळीक नव्हती' असे लिहिण्याचा मोह फार होतो, पण त्या वाक्यातून वाचणाऱ्याला उमेदवाराचा वर्ग दिसत नाही.

हेच पत्र दुसऱ्या शाळेला पाठवता येईल का? तसेच्या तसे नाही, आणि अर्जदारांची गल्लत बहुधा इथेच होते.

मॉंटेसरी रीतीच्या शाळेत मणी आधीच आहेत. सोनेरी मण्यांचे साहित्य, दहा-दहा मण्यांच्या दांड्या जोडून केलेली शंभराची साखळी ही मारिया मॉंटेसरींच्या साहित्याची ओळख आहे. म्हणून उमेदवाराला वाटते, आपली माळ तर इथे फिटच बसेल. पण तिथे मूल साहित्य स्वतः निवडते, बहुतेक वेळा एकटे किंवा दोघे-तिघे मिळून काम करते आणि शिक्षिका दुरून पाहते. अख्ख्या वर्गाने एका माळेभोवती बसून 'कसं शोधलंस?' यावर बोलणे ही त्या रीतीची सवय नाही. मणी तेच, पण शिक्षकाची क्रिया वेगळी: पाहणे. तिथे अर्ज करायचा, तर शिक्षिकेला आपल्या अनुभवातला वेगळा तुकडा काढावा लागेल. मधल्या सुट्टीत माळेशी एकटाच खेळणारा मुलगा रंग बदलला तरी न थांबता एकपासून मोजत राहतो, हे तिने न बोलता चार दिवस पाहिले असेल आणि मगच त्याला काड्यांचे गठ्ठे दिले असतील, तर तो प्रसंग त्या शाळेसाठी. असा प्रसंग घडलाच नसेल, तर माळेचा परिच्छेद तिथे घालू नये. ओढून जुळवलेला सांधा पाठाच्या वेळी पाच मिनिटांत उघडा पडतो.

केंद्रीय मंडळाच्या शाळा अलीकडे पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा आणि पायाभूत साक्षरता-संख्याज्ञानाचा उल्लेख करतात. त्या आराखड्यात गणिताची वाट आधी अनुभव, मग बोलणे, मग चित्र आणि शेवटी चिन्ह अशी सांगितली आहे. इथे क्रिया आहे ती एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेण्याची. शिक्षिकेने मग माळेवरून फळ्यावरच्या रेघेवर आणि रेघेवरून वहीतल्या वजाबाकीवर मुले कशी गेली, कोण कुठे अडकले, हे सांगायचे. ४३ वजा १८ चे उदाहरण तिथे शोभेल. एकाच वर्षातले, एकाच माळेचे काम, पण तिन्ही पत्रांत वेगवेगळे क्षण.

काही शाळांच्या माहितीपत्रकात क्रियापदच सापडत नाही. सगळी विशेषणेच असतात: दर्जेदार, आधुनिक, संस्कारक्षम. अशा वेळी शाळेत फोन करून एक तास पाहायला येऊ का, असे विचारलेले बरे. पुष्कळ शाळा हो म्हणतात. तेही न जमल्यास शाळेच्या फलकावरचे उपक्रम, मुलांनी भिंतीवर लावलेले काम पाहावे. भिंतीवर सगळ्या मुलांचे एकसारखे रंगवलेले मोर असतील, की प्रत्येकाचा वेगळा, यावरून शाळा मुलांना किती मोकळे सोडते ते माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते.

पत्र पोहोचल्यावर पुढची पायरी बहुधा वीस-पंचवीस मिनिटांच्या पाठाची. ज्या शाळेने पत्र नीट वाचले आहे, ती माळेवरच पाठ मागते, आणि तो वर्ग अनोळखी असतो. म्हणून माळ आपली न्यावी, चिमटेही दोन-तीन जास्तीचे. माळ बांधायला दोन खिळे किंवा खिडकीचे गज आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. संख्या एकच निवडावी, एकोणतीस चांगली. पहिल्या मुलाने चिमटा अठ्ठाविसाव्या मण्यापुढे लावला आणि कारण विचारल्यावर 'तीसच्या दोन मागे' असे सांगितले, तर मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापिका शिक्षिकेकडे पाहत असतात. ती लगेच चिमटा सरकवून दुरुस्त करते, की मुलाला त्याने मागे घेतलेले मणी पुन्हा मोजायला सांगते आणि थांबते, ते पाहायला.